सगळ्यात स्वस्त कोटेशन शेवटच्या ओळीत का गेलं?

पावसाळा तोंडावर आला की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये एक ईमेल हमखास फिरतो. विषय असतो ‘गच्चीचं वॉटरप्रूफिंग’. मजकूर दोन ओळींचा: ‘तीन कोटेशनं सोबत जोडली आहेत. सर्वांनी पाहून आपलं मत कळवावं.’ खाली तीन पीडीएफ. त्यातली एक स्कॅन करताना आडवी झालेली, दुसरीवर ठेकेदाराच्या शिक्क्याने नेमका आकडाच झाकलेला. चाळीस सभासदांपैकी चौघे त्या फायली उघडतात, दोघे मत कळवतात आणि बाकीचे रविवारच्या सभेत विचारतात, ‘स्वस्त कुणाचं आहे?’

खरं तर या प्रश्नाचं उत्तर ईमेलमध्येच, फाइल न उघडता दिसायला हवं होतं. सरकारी कचेऱ्यांत ही जुनी रीत आहे. दरपत्रकं आली की कारकून त्यांचा तुलनात्मक तक्ता करतो आणि साहेबांपुढे आधी तो जातो, दरपत्रकं मागे टाचलेली असतात. घरगुती आणि सोसायटीच्या पत्रव्यवहारात मात्र टाचलेले कागद तेवढे पुढे सरकतात आणि तक्ता करायचं काम वाचणाऱ्यावर पडतं. चाळीस जणांनी तोच हिशेब आपापल्या डोक्यात करायचा.

पण तक्ता करायचा म्हणजे तीन पीडीएफमधले तीन आकडे उचलून शेजारी मांडायचे, एवढं ते सोपं नाही. तसं केलं तर तक्ता साफ चुकीचा होतो. कसा, ते एका नमुन्याच्या हिशेबावरून पाहू.

समजा, चाळीस फ्लॅटच्या एका सोसायटीची गच्ची पाच हजार चौरस फुटांची आहे. तीन ठेकेदार येऊन पाहणी करून गेले. त्यांना अ, ब आणि क म्हणू. अ ने लिहिलं आहे: चौरस फुटाला ६२ रुपये, जीएसटी एक्स्ट्रा. ब ने एकरकमी आकडा दिला आहे: ३,६०,००० रुपये, सर्व करांसहित. क जुन्या वळणाचा, त्याचा भाव ब्रासवर: ७,००० रुपये ब्रास, जीएसटी वेगळा. महाराष्ट्रात बांधकामवाल्यांचा क्षेत्रफळाचा ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. म्हणजे गच्ची पन्नास ब्रास झाली आणि क चा आकडा ३,५०,००० रुपये. अ चा गुणाकार केला तर ३,१०,०००. या घटकेला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी लिहून मोकळं होतं, ‘अ सगळ्यात स्वस्त, चाळीस हजार वाचतात.’

इथे सेक्रेटरीने घाई न करता तिन्ही कोटेशनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायला हवीत, कारण ‘अटी व शर्ती’ नावाचा बारीक टाइपातला भागच भाव ठरवत असतो. अ च्या अटींत लिहिलं आहे की जुना थर खरवडून काढायचा झाल्यास चौरस फुटाला बारा रुपये जादा आणि राडारोडा उचलायचे पंचवीस हजार वेगळे. जुना थर काढावा लागणार हे पाहणीत ठरलेलंच आहे, तेव्हा ‘झाल्यास’ या शब्दाला काही अर्थ नाही. हिशेब असा होतो: ३,१०,००० अधिक साठ हजार अधिक पंचवीस हजार, म्हणजे ३,९५,०००. त्यावर अठरा टक्के जीएसटी ७१,१००. एकूण ४,६६,१०० रुपये.

ब च्या भावात जुना थर काढणं धरलेलं आहे, पण राडारोड्याबद्दल कागदावर एक अक्षर नाही. फोन केल्यावर तो म्हणतो, ‘ते तुमच्याकडे. आम्ही करायचं तर वीस हजार आणि जीएसटी.’ म्हणजे २३,६०० रुपये आणखी. एकूण ३,८३,६००. क च्या भावात दोन्ही कामं धरलेली आहेत. साडेतीन लाखांवर जीएसटी ६३,००० चढवला की ४,१३,०००.

जो पहिला होता तो शेवटचा झाला. आणि सगळ्यात मोठा आकडा लिहिणारा ब सगळ्यात स्वस्त निघाला. यात कुणी फसवलं असंही नाही. तिघांनी तीन वेगवेगळ्या कामांचे भाव दिले होते, इतकंच. तक्त्याचं खरं काम रेघा आखण्याच्या आधीच होतं. तिन्ही भाव एकाच कामाचे, एकाच मापाचे आणि करासकट करून घेतले की उरतं ते केवळ मांडणीचं काम. ज्या सोसायटीला भरलेल्या जीएसटीची वजावट मिळत नाही, तिच्या दृष्टीने तो कर खिशातून जाणारा खर्चच असतो. म्हणून ‘जीएसटी एक्स्ट्रा’ला तक्त्यात वेगळा रकाना देऊन चालत नाही. तो बेरजेत मिसळलेला हवा.

आता मांडणी. सेक्रेटरीने ईमेलमध्ये टाकायचा तक्ता साधारण असा दिसेल, रकमा लाख रुपयांत:

| ठेकेदार | कोटेशनमधला आकडा | सगळं धरून | लेखी हमी |
|---|---:|---:|---|
| ब | ३.६० | ३.८४ | ५ वर्षं |
| क | ३.५० | ४.१३ | ७ वर्षं |
| अ | ३.१० | ४.६६ | नाही |

इतका लहान तक्ता पाहून काही सभासदांना वाटेल की कामचुकारपणा केला. पैसे कधी द्यायचे, किती दिवसांत काम, कोणतं केमिकल, किती थर, हे सगळं कुठे आहे? ते कोटेशनमध्ये आहे आणि कोटेशनं जोडलेलीच आहेत. तक्त्यात फक्त त्याच गोष्टी ठेवायच्या ज्यांत तिघांमध्ये फरक आहे आणि ज्या फरकामुळे निवड बदलू शकते. तिघेही काम पंधरा दिवसांत करणार असतील तर ‘मुदत’ या रकान्यात तीनदा ‘१५ दिवस’ लिहून उपयोग काय? ते तक्त्याखाली एका वाक्यात येतं.

पूर्ण आकडा ३,८३,६०० सोडून ३.८४ का लिहिला, हेही कुणी विचारेल. अँड्र्यू एहरेनबर्ग या संख्याशास्त्रज्ञाने १९७७ साली इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात याच विषयावर एक लेख लिहिला होता. आकड्यांचे तक्ते वाचणाऱ्याला झेपत का नाहीत, असा त्याचा विषय. त्याचं म्हणणं सरळ होतं. आकडे गोळाबेरीज करून थोडक्यात द्या, कारण सहा-सहा अंकी दोन संख्यांची वजाबाकी माणूस मनात करू शकत नाही. ज्यांची तुलना करायची ते आकडे आडव्या ओळीत न मांडता एकाखाली एक मांडा. आणि ओळी नावांच्या क्रमाने न लावता आकड्यांच्या क्रमाने लावा. वरच्या तक्त्यात ब, क, अ असा उलटसुलट वाटणारा क्रम आहे तो यामुळेच. ‘सगळं धरून’च्या रकान्यात नजर वरून खाली गेली की भाव चढत जाताना दिसतो. ठेकेदारांची नावं वर आडवी लावली असती तर तीच नजर डावीकडून उजवीकडे उड्या मारत गेली असती.

‘कोटेशनमधला आकडा’ हा रकाना तसा निरुपयोगी आहे, कारण त्यावरून काहीच ठरवायचं नाही. तरी तो ठेवायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर ३.१० हा आकडा फिरून गेला आहे आणि तो तक्त्यात दिसला नाही तर पहिली शंका सेक्रेटरीच्या हेतूवर येईल. सोसायटीत काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटच्या रकान्यातलं ‘नाही’ मात्र मुद्दाम पाहण्यासारखं आहे. अ ठेकेदार तोंडाने दहा वर्षांची हमी देतो, कोटेशनमध्ये हमीचा शब्द नाही. तक्त्यात ‘१० वर्षं (तोंडी)’ लिहिलं तर वाचणाऱ्याच्या लक्षात दहाच राहतात. रकाना मोकळा सोडला तर निम्म्या लोकांना वाटतं सेक्रेटरी भरायला विसरले. मोकळ्या चौकटीचे अर्थ निदान तीन निघतात: ती गोष्ट मिळणार नाही, तिला वेगळे पैसे पडत नाहीत, किंवा विचारलं होतं पण उत्तर आलं नाही. ब च्या कोटेशनमधली राडारोड्याची गैरहजर ओळ आठवा. ती दुसऱ्या अर्थाने वाचली असती तर २३,६०० रुपयांचा फरक पडला असता आणि तो ट्रक दारात उभा राहिल्यावर कळला असता. म्हणून चौकट रिकामी ठेवायचीच नाही. ‘नाही’, ‘भावात धरलं आहे’, ‘विचारलं, उत्तर नाही’ यांपैकी जे खरं असेल ते लिहायचं.

तक्त्याच्या वर आणि खाली काय येतं, यावर तो वाचला जाणार की नाही हे ठरतं. वर एक वाक्य, ज्यात काय ठरवायचं आणि कधीपर्यंत ते असेल: ‘खालील तिघांपैकी एकाची निवड रविवारच्या सभेत करायची आहे, समितीचा कल क कडे आहे.’ मग तक्ता. त्याखाली दोन-तीन वाक्यं, तक्त्यात न मावलेल्या पण निर्णय फिरवू शकणाऱ्या गोष्टींची: ‘रकमेत जुना थर काढणं, राडारोडा आणि जीएसटी धरलेला आहे. ब आणि क यांच्यात दर फ्लॅटमागे ७३५ रुपयांचा फरक पडतो आणि क ची हमी दोन वर्षं जास्त आहे. क ने दहा टक्के रक्कम पहिला पाऊस होऊन जाईपर्यंत राखून ठेवायला मान्यता दिली आहे.’ हे ७३५ रुपये तक्त्यात घालायचा मोह होतो. पण एकूण फरक २९,४०० ला चाळीसने भागून आलेला तो एकच आकडा आहे. एका आकड्यासाठी रकाना कशाला, वाक्य पुरतं. आणि सभेत लोक हाच आकडा बोलतात, हे लक्षात ठेवून तो वाक्यातच बरा.

समितीचा कल वर लिहावा की नाही, यावर दोन मतं आहेत. लपवून ठेवला तर तक्ता निःपक्ष दिसतो, पण रकाने निवडतानाच कल आत शिरलेला असतो. हमीचा रकाना काढून टाकला तर ब बिनविरोध जिंकतो. ज्याने तक्ता केला त्याच्या हातात एवढी सत्ता असते, तेव्हा कल उघड सांगितलेला बरा. मग वाचणारा त्या नजरेने तक्ता तपासतो.

एवढं करून ईमेल धाडला आणि समोरच्याकडे त्याचा चिवडा झाला, असंही घडतं. त्याची कारणं ईमेलच्या जडणघडणीत आहेत. ईमेल जन्मला तो निव्वळ साध्या अक्षरांसाठी. १९८२ साली ठरलेल्या नियमांत रेघा, रकाने, ठळक अक्षरं यांना जागाच नव्हती. १९९२ मध्ये माइम नावाचा नवा नियम आला आणि एकाच ईमेलच्या पोटात मजकुराची साधी आणि सजवलेली अशी दोन रूपं शेजारी पाठवायची सोय झाली. आजही बहुतेक ईमेल तसेच जातात. समोरचं यंत्र त्यातलं कुठलं रूप दाखवायचं ते स्वतः ठरवतं. सजवलेलं दाखवलं तर तक्ता जसाच्या तसा. साधं दाखवलं तर रेघा गळून पडतात आणि आकडे एका ओळीत किंवा एकाखाली एक ओघळतात.

काही जण यावर उपाय म्हणून स्पेसबार दाबदाबून रकाने जुळवतात. इंग्रजी मजकुरात, प्रत्येक अक्षराला सारखी रुंदी देणारा फाँट दोन्ही बाजूंना असेल, तर हे कसंबसं जमतं. देवनागरीत जमत नाही. ‘क’ एका रुंदीचा, ‘क्ष’ दुसऱ्या, ‘र्थि’ तिसऱ्याच. लिहिणाऱ्याच्या पडद्यावर ओळीत बसलेला आकडा वाचणाऱ्याच्या फोनवर शेजारच्या ठेकेदाराच्या रकान्याखाली जाऊन बसतो. रक्कम बरोबर आणि मालक चुकीचा, ही चूक पटकन दिसतही नाही. त्यापेक्षा एक्सेल, गुगल शीट्स किंवा वर्डमध्ये खरा तक्ता करून तो उचलून ईमेलमध्ये चिकटवावा. चिकटवताना कंट्रोल आणि व्ही एवढीच कळ हवी. मध्ये शिफ्ट दाबलं गेलं तर मजकूर सजावट झटकून येतो आणि रेघा गेल्याच. आउटलुकमध्ये तर ‘इन्सर्ट’ खाली तक्त्याचं बटणच आहे.

तक्त्याचा फोटो चिकटवणारेही पुष्कळ असतात. दिसायला देखणा, पण फोटोतला आकडा उचलता येत नाही, सहा महिन्यांनी ‘राडारोडा’ शब्द टाकून शोधलं तर तो ईमेल सापडेलच असं नाही, आणि ज्या सभासदाची नजर अधू आहे त्याचा फोन मजकूर वाचून दाखवतो, फोटोपाशी मात्र अडतो.

फोनचा मुद्दा वेगळा. ईमेल लिहिला जातो लॅपटॉपवर आणि वाचला जातो बसमध्ये, उभ्या फोनवर. तिथे चार अरुंद रकाने बसतात. सात रकाने केले तर एकतर अक्षरं मुंगीएवढी होतात, नाहीतर ‘सगळं धरून’चा रकाना पडद्याबाहेर राहतो आणि वाचणाऱ्याला तो आहे हेच कळत नाही. पाठवण्याआधी हा ईमेल एकदा स्वतःलाच पाठवून फोनवर उघडावा. दोन मिनिटांत सगळं कळतं.

आणि पर्याय दोन-तीनच असतील, प्रत्येकाबद्दल सांगण्यासारख्या गोष्टी दोन असतील, तर तक्ता हवाच कशाला? तीन ओळींची यादी तेच काम करते:

ब: ३.८४ लाख, लेखी हमी ५ वर्षं
क: ४.१३ लाख, लेखी हमी ७ वर्षं
अ: ४.६६ लाख, लेखी हमी नाही

प्रत्येक ओळीत गोष्टींचा क्रम तोच, शब्द तेच. पहिल्या ओळीत ‘५ वर्षांची हमी, ३.८४ लाख’ आणि दुसरीत ‘४.१३ लाख पण हमी सात’ असं केलं की यादी पुन्हा परिच्छेद होऊन बसते. यादीचा एक फायदा तक्त्याला नाही: ती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली तरी मोडत नाही. सोसायटीतला ईमेल शेवटी तिथेच जाणार, तेव्हा हा फायदा लहान नाही.

वेळापत्रकांच्या बाबतीत मात्र यादी अपुरी पडण्याचा एक नेमका प्रसंग आहे, आणि परदेशी मुलं असलेल्या घरांना तो दर वर्षी गाठतो. आई-वडील पुण्यात, मुलगी लंडनला, मुलगा न्यू जर्सीला. जुन्या घराच्या विक्रीबद्दल शनिवारी संध्याकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल करायचा आहे. ‘दर शनिवारी, भारतातले साडेसात’ एवढं लिहिलं की झालं, असं वाटतं. पण भारतातलं घड्याळ वर्षभर एकच असतं. ब्रिटनचं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातं आणि अमेरिकेचं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. २०२६ मध्ये हे दोन रविवार म्हणजे २५ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर. त्यामुळे लागोपाठच्या तीन शनिवारांचं चित्र असं होतं:

| शनिवार | पुणे | लंडन | न्यू जर्सी |
|---|---|---|---|
| २४ ऑक्टोबर | सायं. ७:३० | दु. ३:०० | स. १०:०० |
| ३१ ऑक्टोबर | सायं. ७:३० | दु. २:०० | स. १०:०० |
| ७ नोव्हेंबर | सायं. ७:३० | दु. २:०० | स. ९:०० |

मधल्या ओळीकडे पाहावं. त्या एका आठवड्यात लंडन सरकलेलं आहे, न्यू जर्सी नाही. वाक्यात हे लिहायला गेलं तर ‘म्हणजे तुझ्याकडे आधी, त्याच्याकडे नंतर’ अशी गुंतागुंत होते आणि मुलगी तासभर उशिरा येते. तक्त्यात प्रत्येकाने आपला उभा रकाना तेवढा पाहायचा. इथे शहराचं नाव आणि तारीख दोन्ही हवंच. ‘पुढचा शनिवार’ हे शब्द ईमेल कधी उघडला त्यावर अर्थ बदलतात.

पर्यायी वेळांतून एक निवडायची असेल तर प्रत्येकीला १, २, ३ असा आकडा द्यावा. मग फोनवरून ‘२ चालेल’ एवढं उत्तर पुरतं. आकडे नसतील तर ‘ती दुपारची चालेल’ असं उत्तर येतं आणि दुपारच्या वेळा दोन असतात.

कोटेशनच्या ईमेलला उत्तरं यायला लागली की आणखी एक घोळ सुरू होतो. क ठेकेदाराशी घासाघीस होऊन भाव ४.०० लाखांवर येतो. सेक्रेटरी ‘क आता ४.०० ला तयार आहे’ असं एका ओळीत कळवतात आणि खाली जुना तक्ता ४.१३ सकट लटकत राहतो. जो सभासद चार दिवसांनी सगळी साखळी खालून वर वाचतो, त्याच्या हाती जुना आकडा लागतो. भाव बदलला की पूर्ण तक्ता पुन्हा द्यावा, त्यावर तारीख टाकावी आणि बदललेला आकडा ठळक करावा. तीन ओळींचा तक्ता असल्याचा उपयोग इथे कळतो, पुन्हा करायला वेळ लागत नाही.

आणि तो पाठवताना पत्त्यांची ओळ एकदा वाचावी. घासाघीस चालू असते तेव्हा त्याच साखळीत कधीतरी ठेकेदाराचा पत्ता घुसलेला असतो. ‘रिप्लाय ऑल’ दाबलं की तिघांचे भाव आणि समितीचा कल त्याच्या हातात पडतो. त्यानंतर क चार लाखांवर कशाला येईल?